स्क्रीनशॉटमधला नफा: ढोबळ किती, निव्वळ किती आणि पैसा जातो कुठे

लहान उद्योगाचे नफा-तोटा पत्रक हल्ली कागदावर कमी आणि टॅलीच्या पडद्याचा स्क्रीनशॉट म्हणून जास्त फिरते. हिशेबनीस तो मालकाला पाठवतो. मालक पुढे सीएला, बँकेतल्या कर्ज अधिकाऱ्याला किंवा भागीदाराला. त्या एका चित्रातून तीन गोष्टी काढता येतात: शंभर रुपयांच्या विक्रीमागे ढोबळ नफा किती, सगळे खर्च जाऊन निव्वळ नफा किती आणि सर्वांत जास्त पैसा कोणत्या खर्चात जातो. गणित साध्या भागाकाराचे आहे. कोणत्या आकड्याला कोणत्या आकड्याने भागायचे, हे ठरवताना मात्र गडबड होते.

समजण्यासाठी फरसाण बनवणाऱ्या एका लहान कारखान्याचे पत्रक घेऊ. एकट्या मालकाचा धंदा, जीएसटी नोंदणी असलेला, आर्थिक वर्ष २०२४-२५. आकडे उदाहरणासाठी रचलेले आहेत, मांडणी मात्र टॅलीची आहे. पैसे वगळून पडदा साधारण असा दिसतो:

```
Profit & Loss A/c        1-Apr-24 to 31-Mar-25

Opening Stock      3,20,000 | Sales Accounts    72,00,000
Purchase Accounts 46,80,000 | Closing Stock      4,10,000
Direct Expenses    6,40,000 |
Gross Profit c/o  19,70,000 |
                  76,10,000 |                   76,10,000
Indirect Expenses 14,90,000 | Gross Profit b/f  19,70,000
Nett Profit        5,10,000 | Indirect Incomes     30,000
Total             20,00,000 | Total             20,00,000
```

डावी बाजू खर्चाची, उजवी उत्पन्नाची. वरचा अर्धा भाग म्हणजे शाळेच्या पुस्तपालनात शिकवतात ते व्यापार खाते आणि खालचा भाग नफा-तोटा खाते. टॅली दोन्ही एकाच पडद्यावर, एकाखाली एक दाखवते. `Gross Profit c/o` म्हणजे खाली नेलेला ढोबळ नफा आणि `Gross Profit b/f` म्हणजे तोच आकडा खालच्या भागात वरून आणलेला. रक्कम एकच, जागा दोन. पहिल्यांदा पत्रक पाहणारा कधीकधी ती दोनदा धरतो आणि नफा दुप्पट दिसू लागतो.

भागाकाराआधी चित्र खरे आणि पूर्ण आहे का ते पाहावे. सर्वांत आधी वरची तारीख. पत्रक पूर्ण वर्षाचे आहे की डिसेंबरपर्यंतचे, यावर बरेच अवलंबून असते, कारण घसारा, लेखापरीक्षणाची फी आणि काही ठिकाणी कर्जावरचे व्याजसुद्धा मार्चअखेरच नोंदवले जाते. नऊ महिन्यांच्या पत्रकात हे खर्च नसतील तर निव्वळ नफा फुगलेला दिसतो.

त्यानंतर बेरीज. या मांडणीची मोठी सोय अशी की ती स्वतःची परीक्षा स्वतःच घेते. वरच्या भागात डावीकडे ३,२०,०००, ४६,८०,०००, ६,४०,००० आणि १९,७०,००० यांची बेरीज ७६,१०,००० येते आणि उजवीकडे ७२,००,००० अधिक ४,१०,००० म्हणजे तेवढीच. खालचा भागही दोन्ही बाजूंना २०,००,०००वर जुळतो. स्क्रीनशॉट अस्पष्ट असेल तर ३ आणि ८, किंवा ० आणि ६ यांची गल्लत सहज होते. विजेचे ८५,००० कोणी ३५,००० वाचले, तर बेरीज बरोबर ५०,०००ने कमी पडेल आणि चूक कुठे आहे याचा माग तिथेच लागेल. फरकाला ९ने पूर्ण भाग जात असेल, तर जुने हिशेबनीस आधी शेजारशेजारचे दोन अंक उलटे वाचले गेलेत का ते पाहतात. ५४,०००च्या जागी ४५,००० लिहिले तर फरक ९,००० येतो, म्हणून ही युक्ती चालते.

तपशीलवार स्क्रीनशॉटमध्ये आणखी एक अडचण असते. टॅलीत एखाद्या गटावर `Shift+Enter` दाबले की त्याखालची खाती उघडतात, आणि मग आकड्यांचे दोन रकाने दिसतात: आतल्या रकान्यात एकेका खात्याची रक्कम, बाहेरच्या रकान्यात गटाची बेरीज. दोन्ही मिळून बेरीज केली की प्रत्येक खर्च दोनदा मोजला जातो. नियम सोपा आहे. आतल्या आकड्यांची बेरीज बाहेरच्या आकड्याइतकी यायलाच हवी. येत नसेल तर स्क्रीनशॉट मध्येच कापला गेला आहे आणि काही ओळी चित्राबाहेर राहिल्या आहेत. अशा वेळी अंदाजाने भर घालण्यापेक्षा उरलेला भाग मागवून घेणे चांगले.

आता ढोबळ नफा. विकलेल्या मालाची किंमत काढायची, तर वर्षाच्या सुरुवातीचा साठा अधिक खरेदी अधिक प्रत्यक्ष खर्च, वजा वर्षअखेरचा साठा. इथे ३,२०,००० + ४६,८०,००० + ६,४०,००० − ४,१०,००० = ५२,३०,०००. विक्री ७२,००,०००. उरले १९,७०,०००, म्हणजे पडद्यावर दिसतो तोच ढोबळ नफा. त्याला विक्रीने भागले की २७.३६ टक्के येतात. शंभर रुपयांचे फरसाण विकले की कच्चा माल, भट्टीचा गॅस आणि कारागिरांची मजुरी जाऊन सव्वासत्तावीस रुपयांच्या थोडे वर हातात राहतात.

भाजक विक्रीच हवा. स्क्रीनशॉटमध्ये सर्वांत ठळक आकडा असतो बेरजेचा, ७६,१०,०००, आणि घाईत त्यानेच भागले जाते. मग उत्तर २५.८९ टक्के येते, जे दिसायला पटण्यासारखे असते आणि म्हणूनच पकडले जात नाही. या बेरजेत अखेरचा साठा मिळवलेला आहे, आणि न विकलेला माल म्हणजे विक्री नव्हे. दुसरी गल्लत बाजारातल्या बोलण्याच्या सवयीतून येते. व्यापारी ‘अमुक टक्के सुटतात’ म्हणतो, तेव्हा बहुतेकदा ते टक्के मालाच्या किमतीवर मोजलेले असतात. १९,७०,०००ला ५२,३०,०००ने भागले तर ३७.६७ टक्के येतात. दोन्ही आकडे खरे आहेत, पण एक किमतीवरची वाढ आहे आणि दुसरा विक्रीतला वाटा. एका दुकानदाराचे ३७ आणि दुसऱ्याचे २७ शेजारी ठेवून पहिल्याला हुशार ठरवण्याआधी, दोघांनी कशावर टक्के काढले ते विचारावे.

विक्रीच्या आकड्यात जीएसटी आहे की नाही, हेही इथेच पाहायचे. नियमित नोंदणी असलेल्या धंद्यात ग्राहकाकडून घेतलेला कर हे धंद्याचे उत्पन्न नसते. टॅलीत तो वेगळ्या खात्यात जातो आणि विक्रीत येत नाही. काही बिलिंग ॲपच्या अहवालात मात्र विक्री म्हणून बिलाची पूर्ण रक्कम, करासकट दिसते. तो आकडा भाजक म्हणून घेतला की दोन्ही टक्केवाऱ्या विनाकारण खाली येतात. कंपोझिशन योजनेतल्या धंद्याचे चित्र वेगळे असते. त्याला ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही, खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळत नाही, आणि उत्पादकाला उलाढालीच्या १ टक्का कर स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. त्यामुळे तिथे खरेदीवरचा कर मालाच्या किमतीतच मुरलेला असतो. असे पत्रक नियमित नोंदणीच्या पत्रकाशी थेट ताडून पाहता येत नाही.

साठ्याच्या आकड्याकडे सर्वांत जास्त संशयाने पाहावे, कारण या पत्रकातला तो सर्वांत नाजूक आकडा आहे. विक्री आणि खरेदी बिलांवरून येतात. अखेरचा साठा मात्र कोणीतरी मोजून किंवा अंदाजाने भरलेला असतो. टॅलीत हिशेब आणि मालसाठा जोडलेले नसतील, तर साठ्याची रक्कम हाताने टाकावी लागते. ती टाकायची राहिली तर पत्रक जुनाच आकडा दाखवते किंवा काहीच दाखवत नाही. सुरुवातीचा आणि अखेरचा साठा अगदी एकसारखा दिसला, तर हीच शंका पहिली घ्यावी. परिणाम किती मोठा असतो ते याच उदाहरणात दिसते. अखेरचा ४,१०,०००चा साठा नोंदवायचा राहिला असता, तर ढोबळ नफा १५,६०,००० झाला असता, म्हणजे २१.६७ टक्के. निव्वळ नफा ५,१०,०००वरून थेट १,००,०००वर, म्हणजे ७.०८ टक्क्यांवरून १.३९ टक्क्यांवर घसरला असता. धंद्यात काहीही बदललेले नसताना एका न भरलेल्या आकड्याने एवढे होते. उलट बाजूने, कर्ज मिळवण्यासाठी पत्रक चांगले दिसायला हवे असेल तर साठाच फुगवला जातो. म्हणून बँक साठ्याचे विवरण वेगळे मागते आणि गोदाम पाहायला माणूस पाठवते.

यानंतरचा प्रश्न ढोबळ नफ्याच्या व्याख्येचाच आहे. तो कळला की अशा पत्रकाची निम्मी उकल होते. टॅलीत प्रत्येक खर्चाचे खाते `Direct Expenses` किंवा `Indirect Expenses` या गटाखाली उघडावे लागते. पहिल्या गटातले खर्च ढोबळ नफ्याच्या आधी वजा होतात, दुसऱ्यातले नंतर. कोणता खर्च कुठे, हे खाते उघडणारा हिशेबनीस ठरवतो. आपल्या कारखान्यात प्रत्यक्ष खर्च असे आहेत: कारागिरांची मजुरी ४,३०,००० आणि गॅस २,१०,०००. अप्रत्यक्ष खर्चाचा गट उघडला की ही खाती दिसतात:

```
Packing Material     4,20,000
Salary               3,60,000
Rent                 2,40,000
Delivery Transport   1,75,000
Interest on CC       1,10,000
Electricity            85,000
Depreciation           60,000
Misc. Expenses         40,000
```

पहिलीच ओळ चुकीच्या ठिकाणी आहे. फरसाणाची छापील पिशवी, डबा आणि लेबल यांच्याशिवाय माल विकता येत नाही. विक्री दुप्पट झाली की पिशव्याही दुप्पट लागतात. हा खर्च मालाच्या किमतीतच धरायला हवा. तो वर हलवला की ढोबळ नफा १९,७०,०००वरून १५,५०,०००वर येतो आणि प्रमाण २७.३६ऐवजी २१.५३ टक्के होते. जवळपास सहा टक्क्यांचा हा फरक केवळ एका खात्याच्या गटामुळे पडला. निव्वळ नफा मात्र जागचा हलत नाही, कारण रक्कम वर वजा झाली काय किंवा खाली, वजा एकदाच होते.

यावरून दोन टक्केवाऱ्यांचा स्वभाव लक्षात येतो. ढोबळ नफ्याचे प्रमाण रेघ कुठे मारली यावर अवलंबून असते, निव्वळ नफ्याचे नसते. दोन कारखान्यांचे ढोबळ प्रमाण ताडायचे असेल, किंवा एकाच कारखान्याची दोन वर्षे, तर आधी दोन्हीकडे पॅकिंग, गॅस, मजुरी आणि माल आणण्याचे भाडे एकाच बाजूला आहेत ना, ते पाहून मगच ताडावे. हिशेबनीस बदलला आणि त्याने खाती नव्याने लावली, तर ढोबळ नफा कागदावर अचानक वाढतो किंवा घटतो. मालक मात्र त्याचे कारण बाजारात शोधत बसतो.

धंदा प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर स्क्रीनशॉट वेगळाच दिसू शकतो. २०१३च्या कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातल्या नमुन्यात ढोबळ नफ्याची ओळच नाही. तिथे वापरलेला कच्चा माल, साठ्यातला बदल, कर्मचाऱ्यांवरचा खर्च, वित्तीय खर्च, घसारा आणि इतर खर्च अशा ओळी एकाखाली एक येतात. ढोबळ नफा हवा असेल तर त्यातून वेगळा काढावा लागतो, आणि कारखान्याची मजुरी कर्मचाऱ्यांच्या एकूण खर्चात मिसळलेली असल्याने टिपणांची पाने पाहिल्याशिवाय तो नेमका निघत नाही.

निव्वळ नफ्याचा भागाकार सोपा आहे: ५,१०,००० भागिले ७२,००,०००, म्हणजे ७.०८ टक्के. टॅली हा शब्द `Nett Profit` असा लिहिते. तोटा असेल तर `Nett Loss` उजव्या बाजूला येतो. नुसती रक्कम टिपणाऱ्याच्या नजरेतून बाजू सुटली की तोट्याचा नफा होतो. या नफ्यात ३,००,०००चे नव्हे, फक्त ३०,०००चे इतर उत्पन्न मिळवलेले आहे: तेलाचे रिकामे डबे विकून आलेले पैसे आणि मुदत ठेवीचे व्याज. फरसाणाच्या धंद्यातून नफा किती, हे विचारले तर ते वजा करून ४,८०,००० धरावेत. मग प्रमाण ६.६७ टक्के येते. इथे फरक किरकोळ आहे. पण जुने वाहन किंवा यंत्र विकल्याचा फायदा त्या वर्षी याच ओळीत आला असेल, तर तो वेगळा काढल्याशिवाय पुढच्या वर्षाबद्दल काहीही बोलणे चुकीचे ठरेल.

एकल मालकीच्या धंद्यात या ५,१०,०००कडे पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मालक घरखर्चासाठी जे पैसे काढतो, ती उचल असते. ती भांडवलातून वजा होते, नफा-तोटा पत्रकात येत नाही. त्याचा आयकरही इथे खर्च म्हणून येत नाही. म्हणजे मालक रोज पहाटे भट्टीवर उभा राहतो, त्या कामाचा मोबदला या नफ्यातच आहे. त्याच्या जागी पगारी माणूस ठेवला आणि महिन्याला २५,००० द्यावे लागले, तर वर्षाचे ३,००,००० जाऊन २,१०,००० उरतील, म्हणजे २.९२ टक्के. भागीदारी संस्थेत भागीदारांचे वेतन आणि भांडवलावरचे व्याज बहुधा खर्चात दाखवलेले असते, आणि कंपनीत संचालकाचा पगारही. म्हणून तीन वेगळ्या प्रकारच्या धंद्यांचे निव्वळ प्रमाण जसेच्या तसे शेजारी ठेवणे अन्यायाचे होते. दुकान किंवा गाळा स्वतःचा असेल तर भाड्याच्या बाबतीतही हेच घडते.

तिसरे काम मोठे खर्च ओळखण्याचे. पडद्यावर सर्वांत मोठा आकडा `Purchase Accounts` आहे, पण तो तसाच उचलून चालत नाही. खरेदी केलेले सगळे त्याच वर्षी वापरले गेले असे नाही, म्हणून साठ्याचा फरक जुळवून वापरलेला कच्चा माल काढावा: ३,२०,००० + ४६,८०,००० − ४,१०,००० = ४५,९०,०००. हे विक्रीच्या ६३.७५ टक्के आहेत. मग एकाच प्रकारचे पण दोन गटांत विखुरलेले खर्च एकत्र करावेत. मजुरी वरच्या गटात ४,३०,००० आहे आणि पगार खालच्या गटात ३,६०,०००. टॅलीच्या दृष्टीने ही दोन वेगळी खाती. धंद्याच्या दृष्टीने माणसांवरचा खर्च एकच, ७,९०,०००, म्हणजे विक्रीच्या १०.९७ टक्के. वेगवेगळे पाहिले असते तर ४,३०,०००च्या मजुरीपाठोपाठ ४,२०,०००चे पॅकिंग दिसले असते आणि दोन्ही सारखेच मोठे वाटले असते. एकत्र केल्यावर माणसांचा खर्च पॅकिंगच्या जवळपास दुप्पट निघतो. पॅकिंग तिसऱ्या क्रमांकावर, ५.८३ टक्के.

हे तीन खर्च मिळून ५८,००,००० होतात. एकूण खर्च ६७,२०,००० आहे, तेव्हा शंभरातले ८६ रुपये या तीन ठिकाणीच जातात. भाडे, गॅस, वाहतूक, व्याज, वीज, घसारा आणि किरकोळ या उरलेल्या सात ओळींचा मिळून वाटा १४ रुपयांच्या आत आहे. वीजबिलावरून घरात वाद होतात, पण ८५,०००ची वीज दहा टक्क्यांनी वाचवली तरी हाती ८,५०० येतात. भाडे आणि व्याज रकमेने लहान असले तरी त्यांचा गुण वेगळा आहे: विक्री मंदावली तरी ते कमी होत नाहीत. म्हणून मंदीच्या महिन्यांचा अंदाज करताना ते वेगळे मांडावेत.

कच्चा माल हा मात्र एक खर्च नाही, तो गट आहे, आणि खरे उत्तर त्याच्या आत आहे. खरेदीचा गट उघडला की समजा असे दिसते: तेल १९,००,०००, डाळ आणि बेसन १५,५०,०००, पोहे, शेंगदाणे वगैरे ८,३०,०००, मसाले ४,००,०००. एकट्या तेलावर विक्रीच्या २६.३९ टक्के जातात. माणसे, पॅकिंग आणि भाडे यांची बेरीज केली तरी ती एवढी होत नाही. हे उदाहरण याच वर्षाचे घेण्यामागे कारण आहे. सप्टेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरचा मूळ आयात कर शून्यावरून २० टक्के केला. उपकर धरून एकूण बोजा ५.५वरून २७.५ टक्क्यांवर गेला. या कारखान्यात तेल फक्त ५ टक्क्यांनी महागले आणि विक्रीचा भाव वाढवता आला नाही, तर खर्च ९५,०००ने वाढतो आणि ५,१०,०००च्या निव्वळ नफ्यातला जवळपास पाचवा हिस्सा जातो. ढोबळ प्रमाण त्या वेळी फक्त १.३२ टक्क्यांनी घसरलेले दिसते, म्हणून नुसते ढोबळ प्रमाण पाहणाऱ्याला धक्का जाणवत नाही.

एका स्क्रीनशॉटमधून एवढेच निघते. तेलाचा खर्च वाढला तो भावामुळे की जास्त वापरामुळे, हे त्यात दिसत नाही; त्यासाठी डब्यांची संख्या आणि साठ्याची वही लागते. उधारीचे पैसे आले की नाही, हेही दिसत नाही. विक्री बिल झाल्या दिवशीच नोंदली जाते, पैसे तीन महिन्यांनी आले तरी. त्याचे उत्तर ताळेबंदात असते, आणि तो टॅलीत `Balance Sheet` या वेगळ्या पडद्यावर येतो. मागच्या वर्षाचा स्क्रीनशॉट मिळाला तर प्रत्येक ओळ त्या त्या वर्षाच्या विक्रीने भागून दोन रकाने शेजारी मांडावेत. रक्कम वाढणे साहजिक असते, कारण विक्रीही वाढलेली असते. ज्या ओळीचा टक्का वाढला आहे, तिचे खाते उघडून बिले पाहावीत.